शून्य फरक कसा आणू नये
(नव्या साठा-मोजणीची प्राथमिक मार्गदर्शिका)

आपल्या मेडिकलच्या चारही शाखांमध्ये, ड्रग लायसन्सच्या फ्रेमखाली, एक नोटीस चिकटवलेली आहे. सरबताच्या बाटल्यांची जाहिरात तिच्यावर लटकत असेल तर ती बाजूला करा. मजकूर असा: 'सर्व शाखांना कळवण्यात येते की, १ एप्रिलपासून दरमहा होणारी साठ्याची मोजणी नव्या तक्त्यातच करणे बंधनकारक आहे. जुन्या तक्त्यातील मोजणी ग्राह्य धरली जाणार नाही.'

नोटीस वाचल्यावर घाबरण्याचं कारण नाही. अंधेरीने ओव्हरटाइम मिळेल का विचारून झालं आहे. बोरिवलीने तक्त्याच्या झेरॉक्सचे पैसे कोण देणार ते विचारलं. घाटकोपरचा प्रश्न होता, 'हे आम्हालाही लागू आहे का?' मुलुंडच्या ज्येष्ठांनी काहीच विचारलं नाही, कारण त्यांच्या मते असे तक्ते येतात आणि जातात. तुम्ही नवीन आहात, तेव्हा तुम्ही ही मार्गदर्शिका वाचावी.

आधी जुनी कला समजून घ्या, म्हणजे ती विसरता येईल. जुन्या तक्त्यात औषधाचं नाव, त्यापुढे कॉम्प्युटरचा आकडा आणि त्यापुढे 'प्रत्यक्ष मोजणी'ची मोकळी चौकट असे. कॉम्प्युटर म्हणतो १८०. तुम्ही खण उघडता, आत एक नजर टाकता, साधारण तेवढंच दिसतं, आणि तुम्ही लिहिता १८०. फरक शून्य. असे चारेकशे शून्य काढले की मोजणी संपते आणि दहा पन्नासची लोकल मिळते. एका शाखेचा फरक महिनोन्‌महिने शून्य येत होता. मालकांनी एकदा त्या तक्त्यावर खुशीने सही केली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याच शाखेच्या माळ्यावर मुदत संपलेल्या सिरपचा अख्खा खोका सापडला. तोही शून्यातच मोजला गेला होता.

नव्या तक्त्यातून कॉम्प्युटरचा आकडा काढून टाकला आहे. सगळी भानगड एवढ्यानेच सुरू होते. आता मोजल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमची मोजणी झाल्यावर दुसरा माणूस तुमचा कागद न पाहता तेच खण पुन्हा मोजणार, आणि दोघांचे आकडे जुळले तरच ते कॉम्प्युटरशी ताडून पाहायचे. दुसऱ्या माणसाला डोळ्याने खूण करणे, खोकला काढून आकडा सुचवणे, हे प्रकार बंद.

मोजणीआधी बिलिंग थांबवायचं. शटर अर्धं खाली आलं की शेवटच्या बिलाचा आणि शेवटच्या खरेदी चलनाचा नंबर तक्त्याच्या डोक्यावर लिहायचा. संध्याकाळी स्टॉकिस्टचा माणूस पेट्या टाकून गेला असेल आणि त्याची एंट्री अजून झाली नसेल, तर त्या पेट्या उघडू नका, मोजू नका, वर 'उद्या' लिहून बाजूला ठेवा. नाहीतर माल खणात दिसतो, कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, आणि तुम्ही औषधं निर्माण केलीत असा अर्थ निघतो. त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं.

आता खरा बदल: बॅच. जुना तक्ता औषध मोजायचा, नवा तक्ता औषधाची प्रत्येक बॅच वेगळी मोजतो. यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली, म्हणून एकच उदाहरण नीट सोडवून दाखवतो.

पॅरासिटामॉल ६५०, पंधरा गोळ्यांची स्ट्रिप. कॉम्प्युटरच्या हिशेबाने जुन्या बॅचच्या २ स्ट्रिप, म्हणजे ३० गोळ्या, त्यांची एक्सपायरी जूनमध्ये. नव्या बॅचच्या १० स्ट्रिप, म्हणजे १५० गोळ्या. एकूण १८०. तुम्ही खण रिकामा करून काउंटरवर मांडता. जुन्या बॅचच्या ५ स्ट्रिप निघतात, म्हणजे ७५ गोळ्या. नव्या बॅचच्या ६ अख्ख्या स्ट्रिप, म्हणजे ९०, आणि बॅच नंबर असलेला ८ गोळ्यांचा एक तुकडा, मिळून ९८. शिवाय ड्रॉवरच्या कोपऱ्यात ७ गोळ्यांचा एक तुकडा, ज्यावर नंबर नाही, तारीख नाही. ७५, ९८ आणि ७ मिळून किती? १८०. जुन्या पद्धतीने शून्य फरक, चला घरी. नव्या तक्त्यात मात्र जुनी बॅच ४५ने जास्त, नवी ५२ने कमी आणि ७ गोळ्या बेवारस.

हे झालं कसं? चोरी नाही, उंदीर नाही. नवा माल आला तेव्हा कुणीतरी तो खणात पुढे रचला आणि जुना मागे ढकलला गेला. बिल करताना कॉम्प्युटर आपणहून आधी संपणारी बॅच वर दाखवतो, आपण एंटर मारतो, आणि हात मात्र पुढची, म्हणजे नवी स्ट्रिप उचलतो. बिलावर एक बॅच, गिऱ्हाइकाच्या पिशवीत दुसरी. आणखी दोन स्ट्रिपची बिलं झाली की कॉम्प्युटरच्या मते जुनी बॅच संपली. मग एक्सपायरी जवळ आलेल्या मालाच्या यादीत ती येणारच नाही. खणाच्या मागच्या बाजूला ती पडून राहील, जून उलटेल, आणि स्टॉकिस्टकडे माल परत करायची वेळ निघून गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत हाती लागेल. हे झालं पैशाचं नुकसान. ते मालकांचं आहे, तुम्हाला त्याची झोपमोड होत नसेल तर मी समजू शकतो.

दुसरं नुकसान मालकांचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएने तातडीने जी सूचना काढली ती नुसत्या सिरपच्या नावाने नव्हती. बॅच क्रमांक एसआर-१३ची विक्री आणि वापर ताबडतोब थांबवा, अशी होती. त्याखेरीज केंद्राची औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला प्रमाणित दर्जाची न आढळलेल्या औषधांची यादी काढते, तीही बॅचनुसारच. अशी सूचना आल्यावर दुकानाला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: त्या बॅचचा माल आत्ता किती आहे आणि आधी कुणाकुणाला गेला. वरच्या उदाहरणात आपल्याला दोन्ही माहीत नाहीत. बिलावर जुनी बॅच लिहून नवी दिली असेल, तर फोन भलत्याच घरी जाईल. नवा तक्ता करण्यामागे एवढंच कारण आहे. बाकीचे रकाने त्याच्या जोडीला आले.

आता त्या बेवारस ७ गोळ्या. स्ट्रिपवर बॅच आणि एक्सपायरी बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. 'चार गोळ्या द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नवशिका हमखास त्याच टोकाकडून कापून देतो, का ते कुणालाच सांगता आलेलं नाही. पुढे कात्री चालवाल तेव्हा छापील टोक दुकानात राहू द्या आणि बॅच-एक्सपायरी बिलावर नीट उतरू द्या. नंबर नसलेला तुकडा विक्रीतून काढून तक्त्यात 'बॅच वाचता येत नाही' या रकान्यात टाका. शेजारच्या स्ट्रिपसारखाच रंग दिसतो म्हणून तिची बॅच त्याला दत्तक देऊ नका.

एक्सपायरीबद्दल नेहमीचा वाद: पुडक्यावर 'जून' छापलं असेल तर औषध ३० जूनपर्यंत चालतं, १ जूनला नाही संपत. १ जुलैला मात्र ते विक्रीच्या मालात दिसता कामा नये. परत जायचा माल वेगळ्या खोक्यात, आणि खोक्यावर ठळक 'विक्रीसाठी नाही'. हे मालकांचं फर्मान नाही, औषध नियमांतच तसं आहे. तो खोकाही मोजायचा, पण वेगळ्या पानावर. फ्रीजमधली इन्सुलिन शेवटी आणि झटपट मोजा. दार उघडं ठेवून चर्चा करू नका, आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहायला हवं.

शेड्यूल एच-१ची औषधं मोजून झाली की त्यांच्या रजिस्टरशी जुळवायची. मार्च २०१४पासून त्या औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग लिहिलेलं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं आणि तीन वर्षं जपावं लागतं. आपल्याकडे ते जपलं जातं. लिहिलं जातं का, ते या मोजणीत कळेल.

राहता राहिला शाखांमधला माल. घाटकोपरला एखादं इंजेक्शन कमी पडलं की अंधेरीचा पोऱ्या ते मेट्रोने अर्ध्या तासात पोचवतो, ही आपली शान आहे. पण अंधेरीने माल वजा केला आणि घाटकोपरने एंट्री दुसऱ्या दिवसावर ढकलली, तर मोजणीच्या रात्री ते इंजेक्शन जगात कुठेच नसतं. मुलुंड-बोरिवलीची गंमत आणखी मोठी. मधे अख्खं संजय गांधी उद्यान, थेट लोकल नाही, दादरला गाडी बदलून उलटं वर यायचं. म्हणून आपला एक सहकारी तो माल घरी नेतो आणि सोयीने सकाळी पोचवतो. नव्या तक्त्यात 'वाटेवर' असा रकाना आहे. पाठवणाऱ्याने चलन नंबरासकट तो भरायचा आणि घेणाऱ्याने माल हातात आल्याशिवाय सही करायची नाही. मोजणीच्या आदल्या दिवसापासून शाखांमध्ये देवाणघेवाण बंद. अगदी तातडीचं असेल तर गिऱ्हाइकालाच दुसऱ्या शाखेत पाठवा.

शेवटचा रकाना 'फरकाचं कारण'. इथे आजवर 'उंदीर' हे उत्तर लोकप्रिय होतं. गेल्या वर्षी उंदरांनी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या आणि एक बीपीचं मशीन खाल्ल्याची नोंद आहे. आता छापील कारणांतूनच निवडायचं: बिलात चुकीची बॅच, फूटतूट, एंट्री राहिली, वाटेवर, माहीत नाही. 'माहीत नाही' लिहिल्याबद्दल कुणाचाही पगार कापला जाणार नाही, हे मालकांकडून लेखी घेतलं आहे. ते कारण एकाच खणात सलग तीन महिने आलं, तर मात्र तो खण काउंटरसमोर, कॅमेऱ्याखाली हलेल. आणि हरवलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, त्यामुळे आकडा लपवून ठेवलात तर पुढे हिशेबनीस तुम्हालाच शोधत येईल.

पहिल्या महिन्यात फरक भरपूर येतील. ज्या शाखेचा फरक शून्य येईल तिथे फेरमोजणी होईल, आणि ती करायला दुसऱ्या शाखेची माणसं येतील. मुलुंडच्या ज्येष्ठांनी याची विशेष नोंद घ्यावी.

पहिली मोजणी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, रात्री दहाला शटर खाली आल्यावर. चहा-वडापाव दुकानाकडून, पेन आपापलं आणा.