साखर चौघांनी सांगितली, डाळ कुणीच नाही

मु. पो. घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड

समस्त गिऱ्हाईक मंडळींना किराणा दुकानदाराचा सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, येत्या सोमवारपासून सामानाची ऑर्डर फक्त दुकानाच्या बिझनेस व्हॉट्सॲप नंबरवर घेतली जाईल. नंबर पाटीवर आहे, पिशवीवर आहे, आणि बिलाच्या खालीही आहे. आजवर आपण माझ्या घरच्या नंबरवर, बायकोच्या नंबरवर, थोरल्या पोराच्या नंबरवर, भावकीच्या ग्रुपवर, आणि मी स्टेशनवर पाहुण्यांना सोडायला गेलो असता गाडीच्या शिट्टीतही ऑर्डर दिल्या. आपल्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण गेल्या महिन्यातलं बारसं मी विसरू शकत नाही.

नाव घेत नाही. घर आपल्यातलंच आहे. नवऱ्यानं गुरुवारी रात्री माझ्या घरच्या नंबरवर लिहिलं, ‘साखर ५ किलो, रवा ३, तूप १.’ बायकोनं देवळात माझ्या बायकोला साखर पाच किलो सांगितली. धाकट्या भावानं पोराला फोन केला, ‘सात किलोच टाक, कमी पडायला नको.’ आजोबा स्वतः आले आणि म्हणाले, ‘नेहमीचं तेवढं पाठव.’ नेहमीची दोन किलो. शनिवारी सकाळी त्या घरी एकोणीस किलो साखर पोहोचली. तूरडाळ कुणीच सांगितली नव्हती, कारण ती दुसऱ्यानं सांगितली असणार याची चौघांनाही खात्री होती. बाराला पंगत बसली तेव्हा वरण नव्हतं. दोष अर्थातच माझा ठरला, आणि चौदा किलो साखर ‘तशीच आहे, उघडली नाही’ म्हणून परत आली. त्यातल्या एका पुड्याला चमचा जाईल एवढं भोक होतं.

फोनवरच्या ऑर्डरीचं तर विचारूच नका. एका हातात तराजूचं ताट, खांद्यात दाबलेला मोबाइल, समोर सुट्टे मागणारं पोरगं, आणि पलीकडून आवाज येतो, ‘जिरं पावशेर.’ मी ऐकलं मिरं. मिऱ्याचा भाव जिऱ्याहून चढा, तेव्हा बिल बघून काकू कडाडल्या. मी मिरं परत घेतलं आणि जिरं दिलं, पण त्या घरी मी अजून ‘मिरंवाला’च आहे. लिहिलेलं असतं तर हे झालं नसतं.

व्हॉइस मेसेजही नकोत. दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या मेसेजमध्ये पहिली दोन मिनिटं साबुदाणा, भगर, शेंगदाणे असतात, आणि शेवटच्या दहा सेकंदांत मागून कुणीतरी ओरडतं, ‘अगं उपास उद्या नाही, परवा हाय, राहू दे ते!’ मी तोवर माप करून बसलेलो असतो. यादीचा फोटो चालेल. पण ‘तूर १’ एवढंच लिहू नये. ही एक किलो, एक पुडा की एक पायली, हे मला कळायला ज्योतिष शिकावं लागेल. लग्नपत्रिकेच्या मागं पेन्सिलीनं लिहून घडीवर फोटो काढला, तर घडीत गेलेलं सामान येणार नाही.

आता नवा नंबर का? साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेसवालं एकाच नंबरवर एका वेळी चालत नाही, म्हणून वेगळं सिम घेतलं. त्या नंबरला एक फोन आणि आणखी चार यंत्रं जोडता येतात, तेव्हा गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर पोरगा आणि मागं गोदामात मी, दोघांनाही तीच ऑर्डर दिसते. पहिल्याच दिवशी त्याची गंमत झाली. ऑर्डर दोघांनी पाहिली, दोघांनी भरली, आणि एकाच घरी दोन पिशव्या गेल्या. दोन्ही ठेवून घेतल्या गेल्या, हे सांगायला नको. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरला लेबल लावतो: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, काम पूर्ण. भरायला घेणाऱ्यानं आधी उत्तर लिहायचं, मग पिशवी उघडायची.

म्हणून ध्यानात घ्या, दोन निळ्या खुणा म्हणजे ऑर्डर घेतली असं नव्हे, मेसेज उघडला एवढंच. ‘लिहून घेतलं’ आणि खाली रक्कम, असं उत्तर आलं तरच ऑर्डर झाली. आणि मेसेज केल्यावर ‘मेसेज केलाय, बघितला का?’ असा फोन करू नये. तो फोन घेण्यासाठी मला मेसेज बघणं थांबवावं लागतं.

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, हे काही हुशार मंडळींना फार लवकर कळलं. साखर २ किलोची भरून झाली, आणि वरती दोनाचे पाच झाले. मग वाद, ‘बघा की, पाचच लिहिलंय!’ खाली बारीक अक्षरात बदल केल्याचं लिहिलेलं असतं, दादा. मी चष्मा लावतो. बदल हवा असेल तर खाली नवा मेसेज टाकावा.

पैशाचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. एकानं परवा दाखवलेला स्क्रीनशॉट मागच्या दिवाळीचा होता. मी तारीख आणि बारा आकडी यूटीआर नंबर माझ्या बँकेच्या खात्याशी ताडून बघतो, आणि रक्कम खात्यात दिसली तरच ‘पैसे आले’ लावतो. तसंच, दुकानाच्या नावानं कुणी सहा आकडी कोड मागितला तर देऊ नका. तो कोड दिला की तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात जातं, आणि मग तुमच्या नावानं सगळ्या पाहुण्यांकडं पैसे मागितले जातात. मला उधारी मागायची असली तर मी समोर येऊन मागतो, हे आपण सगळे जाणताच.

नंबर सेव्ह मात्र कराच. भाव बदलला, नवा गूळ आला, हे मी ब्रॉडकास्टनं कळवतो, आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केला नाही त्यांना ते पोहोचत नाही. मग ‘आम्हाला कुणी सांगत नाही’ म्हणून रुसू नये. रात्री ९ नंतर ‘दुकान बंद आहे, सकाळी उत्तर देऊ’ असं येतं, तो मी नसतो, आपोआप जातं. एका काकांनी त्याच्याशी पावणेबारापर्यंत वाद घातला आणि सकाळी मला म्हणाले, ‘रात्री एवढं कामून तोडून बोलला?’

खरं सांगायचं तर लिहून ऑर्डर द्यायला आपली नाराजी का आहे, ते मला ठाऊक आहे. तोंडी सांगितलेल्याला ‘मी कुठं म्हटलं होतं?’ म्हणता येतं. लिहिलेलं महिनाअखेरीस वहीशेजारी उभं राहतं. पण ते माझ्याही उरावर बसतं. मागं तेलाचा भाव मी सकाळी एक लिहिला आणि संध्याकाळी बिलात पुड्यामागं चार रुपये जास्त लावले, ते एका वहिनींनी माझाच मेसेज दाखवून परत घेतले. ही व्यवस्था माझ्याच खर्चानं मी माझ्यावर आणली आहे.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा ज्यांच्याकडं तसा फोन नाही, त्यांनी नेहमीसारखं दुकानात यावं. यादी मी लिहून घेईन आणि वाचून दाखवीन.

आपला,
दुकानदार

ता. क. घरचा नंबर सोमवारनंतर फक्त नातेवाइकांसाठी राहील. नातेवाइकांनीही त्यावर साखर मागू नये.