ताणून धरलेली जाहिरात

जालना सळईचं गाव. अशा गावच्या जाहिरातीत ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा मराठी बाणा कुणाला तरी सुचतोच. ऐकायला करारी, पण हे वर्णन निकामी सळईचं. बांधकामावर कडी-रिंगा करायला सळई वाकवावीच लागते, न वाकता मोडली तर माल परत.

समजा, मूळ मजकूर असा रुक्ष आहे: ‘एफई ५००डी, आयएस १७८६ नुसार ताण-वाढ किमान १६ टक्के.’ यात गंमत आणायची, पण आकडा तसाच ठेवायचा. पहिला मोह म्हण उलटवण्याचा: ‘वाकेन पण मोडणार नाही!’ टाळी मिळेल, पण दावा फुगला. मानकाने अमरत्व दिलेलं नाही. चाचणीत तर सळई यंत्रात मुद्दाम तुटेपर्यंत ताणतात. १६ मिमी जाडीच्या सळईवर ८० मिमी अंतरावर दोन खुणा करतात, तुटल्यावर तुकडे जुळवून पुन्हा मोजतात. अंतर किमान १२.८ मिमीने वाढलेलं हवं.

म्हणजे कोटी चाचणीतच पडून आहे: ‘तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात. आम्ही ताणली. किमान १६ टक्के वाढली, मगच तुटली.’ शब्द खेळले, आकडा जागचा हलला नाही.

कारखान्याच्या मालकांना मात्र ‘तुटली’ खटकणार. ते खोडून ‘अतूट’ लिहा म्हणतील. विनोद तिथेच संपतो आणि थाप सुरू होते. शिवाय जाहिरात भिंतीवर रंगवताना ‘किमान’ हा शब्द रंगाऱ्याच्या ब्रशला जड जातो, तोही गळू द्यायचा नाही.