सर, ही पट्टी बघाल का?

ज्युनिअर डॉक्टरांच्या ई-मेलचा मायना हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. ‘आदरणीय सर, सादर नमस्कार, अवेळी त्रास देतोय, क्षमा असावी’ यात चार ओळी जातात आणि पेशंट उगवतो पाचव्या ओळीत. पूर्वी घाटीत ईसीजीची पट्टी हातात धरून सर कुठल्या वॉर्डात आहेत ते शोधत फिरावं लागे, आणि निम्म्या शंका जिन्यातच मिटत. ई-मेलला जिनाच नसतो.

परवाचा मेल मात्र नेमका होता. वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लागायचं म्हणून तपासणीला आलेला ३२ वर्षांचा तरुण. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, बीपी १२४/७८. (दुखत असतं तर मेल लिहीत बसायचं नसतं, फोन करायचा, हे आमच्या ज्युनिअरला ठाऊक आहे.) सोबत पट्टीचा फोटो, कोपऱ्यात त्याच्या अंगठ्यासह. लीड एकमध्ये सगळंच पालथं: पी, क्यूआरएस, टी, सगळं खाली. एरवी पालथ्या असणाऱ्या एव्हीआरमध्ये मात्र सगळं सुलटं. मशीनने तर जुना झटका येऊन गेला असावा, असं छापूनही टाकलं होतं. आमच्या डॉक्टरसाहेबांचं मत वेगळं: ‘सर, हृदय उजवीकडे असेल का?’ असं हृदय हजारोंत एखाद्याचं. ते आपल्याच टेबलावर सापडावं, असं या वयात कोणाला वाटत नाही!

उत्तर त्याच फोटोत होतं. छातीवरच्या लीडमध्ये व्ही-१ पासून पुढे सरकताना आर उंच होत जातो. हृदय उजवीकडे असेल तर तो उलट खुजा होत जातो, कारण इलेक्ट्रोड हृदयापासून लांब चाललेले असतात. इथे तर चढण अगदी झकास होती. म्हणजे छाती सांगतेय हृदय डावीकडे आणि हात सांगताहेत उजवीकडे. अशा भांडणात मी छातीवर विश्वास ठेवतो. लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या; त्यांची अदलाबदल झाली की लीड एक पालथा होतो, दोन आणि तीन एकमेकांच्या जागी जातात, एव्हीआर आणि एव्हीएलही तसेच. एव्हीएफ तेवढा हलत नाही, कारण त्याच्या हिशेबात दोन्ही हात एकत्रच धरलेले असतात.

मी लिहिलं, ‘हाताच्या वायरी बघ, पट्टी परत काढ. आणि ठोका कुठे लागतो ते छातीवर हात ठेवून सांग.’

थोड्या वेळाने दुसरी पट्टी आली, अगदी नॉर्मल. ठोकाही डावीकडेच. मायना पुन्हा चार ओळींचा, आणि शेवटी प्रश्न: ‘सर, पहिली पट्टी फाडून टाकू?’

फाडू नकोस, म्हटलं. तिच्यावर ‘हाताच्या वायरी उलट’ असं ठळक लिही, सही कर आणि नवीनसोबत फाइलला लाव. मशीनच्या मेमरीत ती आहेच. उद्या कोणीतरी पुन्हा छापेल, आणि त्या पोराला कधी न आलेला झटका जन्मभर चिकटेल.