दोन दिवसांत कुंभार

शनिवार-रविवार माती कार्यशाळा. जागा फक्त 12. चाके 6 आहेत. उरलेल्यांनी रांगेत उभे राहून मातीशी एकरूप व्हावे. मळलेली माती, स्पंज, कापायची तार आणि ॲप्रन आमच्याकडून. शुल्क 3,500 रुपये. घासाघीस करू नये. ती कुंभारवाड्यातल्या माठासाठी राखून ठेवावी.

नवशिक्यांनी स्वतः घडवलेला वाडगा घरी न्यावा. वाडगा सावलीत सुकायला आठवडा लागतो, मग भट्टीत 900 अंशांच्या पुढे भाजावा लागतो. कार्यशाळा रविवारी संपत असल्याने तो कच्चाच मिळेल. त्यात आमटी वाढू नये, कौतुक वाढावे. पाणी लागून विरघळल्यास तीच माती घेऊन पुढच्या शनिवारी यावे. साहित्य तुमचे असले तरी शुल्क तेच.