ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं ना!

दसरा जवळ आला की कंपन्यांमध्ये एक मेल फिरतो. मिड-इयर चेक-इनची विंडो खुली झाली आहे, अमुक तारखेच्या आत भरा. ती तारीख पुढे ढकलल्याचा मेलही त्याच दिवशी पाठवला, तर एचआरचा थोडा वेळ वाचेल.

हेतू चांगला आहे. एप्रिल-मेमध्ये अप्रेझलचं पत्र हातात पडेल तेव्हा माणसाला धक्का बसू नये, म्हणून अर्ध्या वर्षातच त्याला सांगून ठेवायचं. काय बरं चाललंय, काय बिघडलंय. बस, एवढंच.

मग दर वर्षी पत्रं वाटली की चहाच्या टपरीवर तेच वाक्य का ऐकू येतं? ‘मला तर कुणी काही बोललंच नव्हतं!’

आणि केबिनमधून उत्तर येतं, ‘ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं ना!’

दोघंही खरं बोलत असतात.

चाकणमधली सुटे भाग बनवणारी एक कंपनी घ्या. नाव शोधू नका, उदाहरणापुरतीच आहे. तिथल्या खरेदी विभागात एक इंजिनीअर. त्याचे केआरए मुख्यतः दोन. वर्षभरात खरेदीखर्चात ४ टक्के बचत आणि व्हेंडरकडून वेळेवर येणाऱ्या मालाचं प्रमाण ९५ टक्के. सप्टेंबरअखेर बचत साडेतीन टक्क्यांवर पोहोचलेली. वेळेवर येणारा माल मात्र ८२ टक्के. माल आला नाही म्हणून असेंब्ली लाइन दोनदा थांबलेली.

ऑक्टोबरमध्ये साहेबांनी त्याला बोलावलं. ‘सेव्हिंग मस्त चाललंय. डिलिव्हरीकडे जरा बघ. बाकी ओव्हरऑल गुड. मुलगी कितवीत गेली?’

मुलगी चौथीत गेली. चेक-इन संपलं.

साहेबांच्या हिशेबी इशारा देऊन झाला. इंजिनीअरच्या हिशेबी शाबासकी मिळाली. मधलं ‘जरा बघ’ दोन गोड वाक्यांच्या मध्ये चेंगरून मेलं.

पुढे काय झालं? ज्याची तारीफ झाली तेच त्याने जोमाने केलं. आणखी दोन पार्ट स्वस्त व्हेंडरकडे वळवले. व्हेंडर स्वस्त होता, कारण त्याच्याकडे स्टॉकही नव्हता आणि जादा मशीनही नव्हती. मार्चअखेर बचत ५ टक्के झाली, वेळेवर येणारा माल ७९ टक्क्यांवर घसरला. रेटिंग आलं पाचपैकी २.

म्हणजे त्या चेक-इनने धक्का टाळला नाही. धक्क्याची तयारी करून दिली.

काय बोलायला हवं होतं? फार काही नाही. ‘टार्गेट ९५ आहे, आपण ८२ वर आहोत, लाइन दोनदा थांबली. सेव्हिंग आणि डिलिव्हरी एकमेकांच्या मुळावर उठल्यात, यापुढे एकही पार्ट स्वस्त व्हेंडरकडे हलवायचा नाही. आज वर्ष संपलं तर माझ्याकडून तुला २ मिळेल. जानेवारी ते मार्च ९२ च्या वर राहिलास, तर मी ३ साठी भांडेन. दुसऱ्या व्हेंडरची मंजुरी अडकली आहे, ती नोव्हेंबरअखेर मी काढून देतो.’

बोलायला दोन मिनिटं लागतात. धाडस जमवायला मात्र साहेबांना सहा महिने कमी पडतात.

त्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मंजुरी साहेबांकडे अडकलेली आहे. अर्ध्या वर्षाचं बोलणं एकाच बाजूने मोजमाप करत असेल, तर ते चेक-इन कसलं? ती तर हजेरी.

‘आज वर्ष संपलं तर २’ हे वाक्य अनेक कंपन्यांत साहेबांना उच्चारायची मनाई असते. मिड-इयरला रेटिंगबद्दल बोलू नका, विकासाबद्दल बोला, असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. कर्मचारी बिचारा विकासाबद्दल ऐकतो आणि मनातल्या मनात रेटिंग स्वतःच लावून घेतो.

तो ते नेहमी एक अंक जास्तच लावतो. तुम्ही-आम्ही वेगळं काय करतो?

मनाईला कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. रेटिंग एकट्या साहेबांच्या हातात नसतं. मार्चमध्ये कॅलिब्रेशन नावाची बैठक होते. पाच-सहा मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर एक्सेल उघडलेलं असतं. प्रत्येक जण ‘माझी टीम भारी’ म्हणत आलेला असतो. वरचे अंक कितींना द्यायचे हे आधीच ठरलेलं असतं. मग कुणाचा तरी ४ खाली उतरून ३ होतो. बेल कर्व्ह आता राहिलेला नाही, असं कंपन्या अभिमानाने सांगतात. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ठराविक टक्केवारीची वाटणी बंद केली, त्यानंतर ही फॅशनच आली. पण इन्क्रिमेंटची थैली तेवढीच असेल, तर कर्व्ह गेला काय आणि राहिला काय?

तेव्हा ‘धक्का बसणार नाही’ हे आश्वासन कामाबद्दल देता येतं, अंकाबद्दल नाही. शहाणा साहेब ऑक्टोबरमध्येच सांगतो, ‘कामाबद्दलचं माझं मत हे असं आहे, ते मार्चमध्ये बदललं तर तुला आधी कळवीन. अंक मात्र त्या खोलीत ठरतो, तिथे मी तुझी बाजू मांडेन.’ हे ऐकलेल्या माणसाला मेमध्ये वाईट वाटेल. आपल्याला फसवलं, असं वाटणार नाही.

‘चांगलं बोललो, मग धक्का कसला?’ असं विचारणाऱ्या साहेबांसाठी एक सरकारी किस्सा आहे. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेत देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायचं तर पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘अतिशय चांगला’ हवं. एका वर्षी, १९९३-९४ मध्ये, शेरा होता नुसता ‘चांगला’. बढती गेली. तो शेरा त्यांना कुणी कळवलाच नव्हता. प्रतिकूल शेरे तेवढे कळवायचे, असा नियम होता आणि ‘चांगला’ हा प्रतिकूल कसा असेल?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायालय म्हणालं, ज्या शेऱ्याने बढती जाते तो प्रतिकूलच. आणि नुसता प्रतिकूल नव्हे, प्रत्येक शेरा कळवा. निकाल लागेपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते.

पुढच्याच वर्षी केंद्राने गोपनीय अहवालाचं नाव बदललं, अख्खा अहवाल दाखवायचं ठरवलं आणि हरकत घ्यायला १५ दिवस दिले. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच तत्त्व कायम केलं. सरकारी बाबूला वर्षाच्या शेवटी का होईना, शेरा बघायचा हक्क मिळाला. खासगी कंपनीत हा निकाल चालत नाही. तिथे मिड-इयर चालतो.

चालतो म्हणजे विंडो चालू असते.

आता कॅलेंडरकडे बघा. मागच्या वर्षीची पत्रं लांबत लांबत जूनमध्ये आली. रुसवेफुगवे, राजीनामे आणि ‘थांब, मी बोलतो वर’ यात जुलै गेला. नव्या वर्षाचे केआरए सिस्टिममध्ये चढले ऑगस्टमध्ये. सप्टेंबरअखेर अर्धवार्षिक आढावा. आढावा घ्यायचा कशाचा? महिन्याभराचा?

शिवाय मधल्या काळात प्रोजेक्ट बंद पडलेला असतो, ग्राहकाने मॉडेल बदललेलं असतं, माणूस दुसऱ्याच कामावर गेलेला असतो. केआरए मात्र जुन्या प्रोजेक्टचे तिथेच, जसेच्या तसे. मिड-इयरचा खरा उपयोग ते बदलायचा आहे. ऑक्टोबरमध्ये न बदललेलं उद्दिष्ट मार्चमध्ये ‘नॉट अचीव्ह्ड’ म्हणून परत येतं, आणि पाच महिने राबून केलेलं नवं काम कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि डिसेंबरमध्ये साहेबच बदलले तर? नव्या साहेबांना तुमचे पहिले नऊ महिने कोण सांगणार? सिस्टिममधली ऑक्टोबरची नोंद. ती उघडतात आणि वाचतात: ‘गुड परफॉर्मन्स. कीप इट अप. नीड टू बी मोअर प्रोअ‍ॅक्टिव्ह.’

वरचं नाव झाकून बघा. हे वाक्य अख्ख्या मजल्याला लागू पडतं. सिक्युरिटी गार्डसकट.

नोंद खरी की भरताड, हे ओळखायला एवढी एक परीक्षा पुरते. तीत आकडा किंवा घटना नसेल तर समजा, ती शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, वरची ओळ खाली ओढून भरलेली आहे.

बोलणं झालं की नाही याचीही एक परीक्षा आहे. उठायच्या आधी साहेबांनी विचारायचं, ‘काय ऐकलंस ते सांग बघू.’ आपल्या इंजिनीअरने उत्तर दिलं असतं, ‘सेव्हिंग वाढवायचं.’ तिथेच सगळा घोटाळा उघडा पडला असता. पण हा प्रश्न साहेब विचारत नाहीत, कारण उत्तर ऐकलं की बैठक लांबते.

कर्मचारीही काही कमी नाही. त्यालाही ती बैठक लवकर संपलेलीच हवी असते. ‘एनी फीडबॅक फॉर मी?’ असं साहेबांनी विचारलं की तो म्हणतो, ‘नो सर, ऑल गुड.’ मंजुरी सहा आठवडे अडकली आहे, हे जिभेवर येऊन परत जातं. मेमध्ये तेच टपरीवर बाहेर पडतं, वेगळ्या शब्दांत.

त्याने खरं तर एवढंच विचारायचं, ‘सर, आज वर्ष संपलं तर तुम्ही मला कुठे ठेवाल?’ साहेब टाळतील, हसतील, ‘अरे, अजून सहा महिने आहेत’ म्हणतील. म्हणू द्यावं. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाकावा: आपलं बोलणं झालं, डिलिव्हरी ८२ वरून ९२ वर न्यायची असं ठरलं, व्हेंडरची मंजुरी नोव्हेंबरअखेर तुमच्याकडून. चुकलं असेल तर सांगा. साहेबांचं उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं, तरी मार्चमध्ये त्या खोलीत जाताना साहेबांना तो मेल आठवेल.

मग मिड-इयर नीट झाला की नाही, हे कंपनी कशावर मोजते? साहेबांच्या स्वतःच्या केआरएमध्ये त्यासाठी एक ओळ असते. ‘टीमचे मिड-इयर चेक-इन वेळेत पूर्ण: १०० टक्के.’ त्या ओळीवर त्यांना पाचपैकी ५ मिळतात, आणि त्याचा धक्का कुणालाच बसत नाही.