मोठ्या गिऱ्हाइकाचा हिशेब

वितरकाच्या ऑफिसात ग्राहकांची यादी विक्रीच्या आकड्यानं लावलेली असते. सगळ्यात वर जो, त्याचे सगळे लाड. ही यादी बाजूला ठेवा.

स्वीडनमधल्या कान्थल या तापतारा बनवणाऱ्या कंपनीनं १९८०च्या दशकात ती बाजूला ठेवली. प्रत्येक ग्राहकासाठी कोणतं काम किती वेळा करावं लागतं, त्यावरून खर्च वाटला. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन यांनी त्यावर लिहिलं आहे. २० टक्के ग्राहक एकूण नफ्याच्या २२५ टक्के मिळवून देत होते, ७० टक्के जेमतेम बरोबरीत होते आणि उरलेले १० टक्के १२५ टक्के बुडवत होते. बुडवणाऱ्यांतले दोघे तर विक्रीत पहिल्या तिघांत होते!

असं कसं होतं? समजा, सॅनिटरी फिटिंग्जचा एक वितरक आहे. शोरूम महिन्याला १० लाखांचा माल घेतं, कोपऱ्यावरचं दुकान २ लाखांचा. ढोबळ नफा दोघांवर २० टक्के, म्हणजे २ लाख आणि ४० हजार. आता तातडीच्या फेऱ्या पाहा. टेम्पो, ड्रायव्हर, हमाली, ओव्हरटाइम मिळून महिन्याला ९० हजार, फेऱ्या ६०, म्हणजे एक फेरी १,५०० रुपयांना पडते. शोरूम अशा ४० फेऱ्या मागतं, तिथेच ६० हजार गेले. वर्षअखेरच्या सवलतीचा महिन्याचा वाटा ६० हजार. २५ वेळा माल परत येतो. तपासणी, पुन्हा पॅकिंग आणि क्रेडिट नोट यांचे दरवेळी १,२०० धरले तर ३० हजार, आणि फोडलेली खोकी पडेल भावात विकण्यात आणखी ३५ हजार. तीन महिन्यांच्या उधारीचं व्याज ३० हजार. बेरीज २ लाख १५ हजार, म्हणजे १५ हजारांचा तोटा. दुकान दोन फेऱ्या घेतं, एकदा माल परत करतं आणि ३५,८०० रुपये ठेवून जातं.

नफा-तोटा पत्रकात हे दिसत नाही, कारण सवलत सवलतीच्या खात्यात जाते, टेम्पो वाहतुकीच्या आणि त्यावर ग्राहकाचं नाव कुठेच नसतं. चलनावर ‘तातडी’ आणि परतीच्या मालावर ग्राहकाचा कोड लिहायला लागा, एवढ्यानं निम्मं काम होतं.

पण दर काढताना सांभाळा. तोच टेम्पो ९० फेऱ्या करू शकत असेल, तर रिकाम्या ३० फेऱ्यांचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणं चूक आहे. फेरी १,००० रुपयांना धरली की शोरूम ५ हजार नफ्यात येतं! तोट्याचा शिक्का इतक्या सहज पुसला जातो. शिवाय शोरूम उद्या तोडलं, तरी ड्रायव्हरचा पगार चालूच राहतो आणि २ लाखांचा ढोबळ नफा मात्र जातो.

म्हणून ग्राहक तोडू नका, अटी बदला. दुपारनंतरच्या ऑर्डरला त्याच दिवशी माल हवा असेल तर फेरीचे पैसे वेगळे लावा आणि सवलत फक्त भरलेल्या टेम्पोवर द्या.