नसलेल्या गुलामांचे धनी

लाइपझिगला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले. दर मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आमचा स्काटचा डाव बसतो. आजोबा, समोरच्या घरातल्या बाई आणि मी. तिघांतला एक बोली जिंकून एकटा खेळतो, उरलेले दोघे त्याच्याविरुद्ध. प्रत्येकाला 10 पत्ते, आणि मध्ये 2 उपडे. त्या दोघांना म्हणतात स्काट.

मी लहानपणापासून तीनशे चार खेळलेला, त्यामुळे गुलाम एक्क्याच्या डोक्यावर बसतो याचं मला अप्रूप नव्हतं. घाम फुटला तो बोलीच्या हिशेबाने. इथे किती गुण करीन ते बोलत नाहीत. जिंकायला 120 पैकी 61 हवेत, ते ठरलेलंच. बोलतात ती डावाची किंमत. हुकमाच्या रंगाला दर असतो: चौकट 9, बदाम 10, इस्पिक 11, किलवर 12. या दराला गुणायचं गुलामांनी. किलवर, इस्पिक, बदाम, चौकट या उतरत्या क्रमाने वरून सलग किती गुलाम हातात आहेत ते मोजायचं, आणि त्यात डावाचा 1 मिळवायचा.

आता गंमत अशी, की वरून सलग किती गुलाम हातात *नाहीत*, तेही तसंच मोजतात. वरचे दोन असले तरी 3 पट, वरचे दोन नसले तरी 3 पट! आजोबा या कलमावर जगतात. हातात गुलामांचा दुष्काळ पडला की त्यांचा चेहरा पेन्शन जमा झाल्यासारखा खुलतो. "बिनदोन," ते स्वतःशी पुटपुटतात. एरवीही त्यांचा हिशेब तोच. घरात गाडी नाही, टीव्ही नाही. "बिनदोन," ते अभिमानाने सांगतात.

मागच्या मंगळवारी पत्ते मी वाटले. वाटणाऱ्याच्या डावीकडचा ऐकतो आणि त्याच्या पलीकडचा बोलतो, म्हणून बाई बोलणार, आजोबा ऐकणार. या बोलीला जर्मन शब्द आहे 'राइत्सेन'. त्याचा दुसरा अर्थ डिवचणे. बाई दुसऱ्या अर्थाने खेळतात.

"अठरा?"

"हो."

"वीस?"

"हो." बावीस, तेवीस, चोवीस, सत्तावीस. आजोबांचं 'हो' लग्नात 'सावधान' म्हणावं तसं ठणठणीत. तीसलाही हो. "तेहेतीस?" बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. आजोबांनी हात छातीशी घेतला. त्यात बदामचा गुलाम होता, इस्पिकची पाच पानं होती, वरचे दोन गुलाम नव्हते. तीन अकरे तेहेतीस. "हो!" बाई गप्प झाल्या. मीही पास.

आजोबांनी स्काट उचलला. एक पान बदामची नव्वी, आणि दुसरं किलवरचा गुलाम, म्हणजे सगळ्या डावातलं सर्वांत मोठं पान. दुसरा कुणी असता तर उठून नाचला असता. आजोबांचा चेहरा मात्र उतरला. कारण आता ते बिनदोन राहिले नव्हते. वरचा एक हातात, इस्पिकचा गायब, म्हणजे 'एकासह'. एक आणि एक दोन, दोन अकरे बावीस. बोली तेहेतीसची! घरात लक्ष्मी आली आणि पत गेली.

तरी वाट होती. विरुद्ध बाजूला 30 च्या वर जाऊ दिलं नाही, म्हणजे स्वतः 90 केले, तर आणखी एक पट मिळते आणि तेहेतीस भरतात. आजोबा जीव तोडून खेळले. हातात सात हुकूम, शिवाय बदामचा एक्का. 74 गुण केले. साध्या डावात हा दणदणीत विजय. इथे हार. हरल्यावर बोलीला पुरेल इतकी किंमत धरतात आणि दुप्पट वजा करतात: 66.

"74 करूनही?" आजोबांनी वहीकडे बघत विचारलं. "मी आल्टेनबुर्गला पत्र लिहितो." तिथे खरंच स्काटचं न्यायालय आहे, नियमांचे वाद तिथे सुटतात. पण ते या डावात आजोबांच्या बाजूने काय सांगणार?

बाईंनी लिहिता लिहिता जखमेवर मीठ चोळलं. "तू स्काट उचललाच नसतास, तर न बघता खेळल्याची एक पट वेगळी मिळाली असती. शेवटी स्काटातला गुलाम तुझाच धरतात. एकासह, डाव, न बघता. तीन अकरे..."

आजोबांनी बाईंना बोट दाखवून थांबवलं. मग बराच वेळ ते किलवरच्या गुलामाकडे बघत बसले, आगंतुक पाहुण्याकडे बघावं तसे.

मध्ये एक डाव गेला. मग पत्ते पिसून बाईंनी वाटले. आता ऐकणारा मी, बोलणारे आजोबा. त्यांनी पानं एकेक करून उघडली. एकही गुलाम नसावा, कारण चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अठरा?"